‘गुण’ आणि ‘खूण’ : देऊळघाटची एक मोजणी

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरवले, पुढे १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांतला एक नियम असा की, अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा. तत्सम शब्द मात्र संस्कृतातल्याप्रमाणे. म्हणून ‘खूण’ दीर्घ आणि ‘गुण’ ह्रस्व. या फरकापायी पिढ्यान्‌पिढ्या लाल शाई सांडली आहे. पण तो फरक कागदावरचा की तोंडातला, हा प्रश्न मला मोजून पाहायचा होता.

बुलढाण्याजवळचे देऊळघाट मी निवडले, कारण तिथे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा बोलल्या जातात. उर्दूत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे धर्म. दोन्ही रोजच्या बोलण्यातले, आणि लांबी चुकली तर अर्थच बदलतो. माझ्या मोजपट्टीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

मोजपट्टी म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी तयार केलेले प्राट हे संगणकावरचे साधन. ते फुकट मिळते. ध्वनिमुद्रण उघडले की वर लहरी दिसतात आणि खाली करड्या रंगाचा वर्णपट. स्वर जिथे सुरू होतो तिथे एक रेघ, संपतो तिथे दुसरी. एका ‘गुण’मध्ये पहिली रेघ १.४१२ सेकंदांवर आली आणि दुसरी १.५४० वर; म्हणजे स्वर १२८ मिलिसेकंदांचा. वजाबाकी सोपी आहे, अवघड आहे ते रेघ मारणे. ‘ण’ अनुनासिक असल्याने आधीच्या स्वरातही नाकाचा सूर मिसळतो. लहरींची उंची एकदम खाली येते आणि वर्णपटातले वरचे काळे पट्टे फिके पडतात, तिथे मी स्वर संपला असे धरले. ‘ख’नंतर हवेचा फुत्कार असतो, तो स्वरात धरायचा की नाही, हे आधीच ठरवावे लागते. मी वगळला. धरला असता तर ‘खूण’ आपोआप लांब भरली असती, आणि नियम खरा ठरल्याचे खोटे समाधान मिळाले असते.

पहिल्या खेपेला मी शब्दांची छापील यादी वाचायला दिली, ती माझी चूक. शाळेत शिकलेला माणूस दीर्घ ऊकार दिसला की तो ओढतो, ह्रस्व दिसला की आखडता घेतो. मी मोजत होतो ते उच्चार नव्हतेच, शुद्धलेखनाचा धडा होता. दुसऱ्या खेपेला कागद बाजूला ठेवून प्रश्न विचारले. ‘परीक्षेत काय मिळतात?’ यावर सगळ्यांचे उत्तर ‘मार्क’. मग ‘औषधाचा काय येतो?’ असे विचारले, तेव्हा ‘गुन’ आले. (वऱ्हाडी तोंडात ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे ‘खूण’ आणि ‘खून’ एकच होतात, यावर एका आजोबांनी बराच वेळ मनोरंजन केले.) ‘ढोर ओळखायचं कशावरून?’ या प्रश्नाला ‘खुनेवरून’ असे उत्तर आले आणि तेही बाद करावे लागले, कारण पुढे प्रत्यय लागताच तो उकार तोंडातही आखडतो. शेवटी प्रत्येक शब्द एकाच वाक्यात, ‘आता … म्हन’ असा, मागेपुढे करत पाच वेळा म्हणवून घेतला. वाक्याच्या शेवटी कोणताही स्वर लांबतो, म्हणून शब्द मध्ये ठेवला.

आधी उर्दूची जोडी मोजली. ‘दीन’ प्रत्येक वेळी ‘दिन’पेक्षा स्पष्ट लांब निघाला, आणि दोन्ही ईकारांचे पट्टेही वर्णपटावर वेगळ्या जागी होते. म्हणजे फरक तोंडात असेल तर तो या साधनाला सापडतो. मग ‘गुण’ आणि ‘खूण’. कागदावरून वाचताना दोन्ही वेगळे निघाले होते. कागद काढल्यावर एकाच माणसाच्या पाच ‘गुण’ आणि पाच ‘खूण’ एकमेकांत मिसळून गेले. दोन शब्दांतला फरक एकाच शब्दाच्या दोन उच्चारांतल्या फरकापेक्षा मोठा नव्हता.

याचा अर्थ मराठीत उकाराची लांबी नाहीच, असा नव्हे. ‘खूण’ आणि ‘खुणेवरून’ यांतली तफावत मोजमापात ढळढळीत दिसली. पण ती शब्दाच्या घडणीने ठरते, तो कुठून आला यावर नाही. नियमाचा पहिला भाग या उच्चारांशी जुळतो. तत्सम शब्दांचा अपवाद मात्र, मी ध्वनिमुद्रित केलेल्या मोजक्या माणसांपुरते तरी, डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. ‘विष’ आणि ‘वीस’ही मला मोजायचे होते, पण आजीबाईंनी ‘विष’ म्हणून दाखवायला साफ नकार दिला. ‘दिवाळीच्या तोंडावर कशाला?’ म्हणाल्या, आणि ‘ईख’ म्हणून मोकळ्या झाल्या.