यंत्रांची यादी शेवटी कशी गेली

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या कपाटात १९८४ सालच्या एका पत्राची कार्बन कॉपी आहे. वडिलांनी ते एका मोठ्या कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटला लिहिलं होतं. पहिलं अख्खं पान यंत्रांचं आहे: दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, कोणतं यंत्र कधी घेतलं आणि किती लांबीचा जॉब घेतं. त्याखाली कोणाकोणाला माल जातो याची यादी. अगदी शेवटी दोन ओळींत विक्रीकराचे नंबर आणि एस.एस.आय. नंबर. पत्र मिळाल्यावर कंपनीचा माणूस आला, लेथ चालवून बघितली, मोजमापाची साधनं बघितली आणि नाव यादीत चढलं.

गेल्या महिन्यात मी तसाच एक अर्ज ईमेलनं पाठवला. नऊ जोडपत्रं होती. यंत्रांची यादी नववी.

ही उलथापालथ कशी झाली, ते एकेका जोडपत्राच्या जन्मसालावरून कळतं.

पुरवठादारांची यादी ठेवण्याची रीत आपल्याकडे सरकारी खरेदीतून रुजली. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं आणि जो माल लंडनहून मागवला जाई, त्यातला काही इथेच घ्यायचा ठरलं. मग इथला कोण काय बनवू शकतो, हे तपासून लिहून ठेवणं भाग पडलं. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळानं लहान कारखान्यांची अशी नोंदणी पुढे चालवली. प्रश्न एकच होता: याला हे काम जमेल का? वडिलांचं पत्र त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

दुसरा प्रश्न कराबरोबर आला. विक्रीकराच्या काळात नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून माल घेतला तरच घेणाऱ्याला सवलत मिळे, म्हणून नंबर मागत. पण नंबर असला की पुरे होतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला आणि त्याच्या कायद्यात एक कलम होतं: विकणाऱ्यानं कर प्रत्यक्ष तिजोरीत भरला असेल तेवढ्याचीच वजावट घेणाऱ्याला मिळेल. ज्यानं बिलाचे पैसे करासकट चुकते केले, त्यानं दुसऱ्याच्या चुकीसाठी पुन्हा का भरायचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१२ मध्ये न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. विक्रीकर खात्यानं नुसतीच बिलं फाडणाऱ्या ‘हवाला’ व्यापाऱ्यांच्या याद्या संकेतस्थळावर लावल्या आणि परचेसमधली माणसं बिल पास करण्याआधी नंबर त्या यादीत शोधू लागली. माझ्या मते वेंडर नोंदणीच्या इतिहासातलं खरं वळण हेच. पुरवठादाराची कसूर इथून घेणाऱ्याच्या अंगावर आली.

१ जुलै २०१७ च्या जीएसटीनं तेच तत्त्व देशभर नेलं. मी एक लाखाचं बिल केलं की त्यावर अठरा हजार कर लागतो. माझं GSTR-1 वेळेवर गेलं नाही, तर ते बिल कंपनीच्या GSTR-2B मध्ये दिसत नाही आणि अठरा हजारांची वजावट अडते. म्हणून आता नोंदणीचा दाखला, म्हणजे REG-06, एकटा चालत नाही. मागच्या काही महिन्यांच्या रिटर्नच्या पोचपावत्याही लागतात.

पॅनचंही असंच. आजचं दहा अक्षरी पॅन १९९५ पासूनचं, पण परचेसला त्याची निकड लागली १ एप्रिल २०१० पासून. पॅन न देणाऱ्याच्या रकमेतून वीस टक्के टीडीएस कापायचा, असा नियम त्या दिवशी लागू झाला. माझ्यासारख्या प्रोप्रायटरच्या एक लाखाच्या जॉबवर्कच्या बिलातून एक टक्का, म्हणजे हजार रुपये कापले जातात. पॅन नसेल तर वीस हजार. पॅनचं चौथं अक्षर P असेल तर व्यक्ती, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. अकाउंट्सवाला त्या एका अक्षरावरून कपातीचा दर ठरवतो, कारण भागीदारीला आणि कंपनीला दोन टक्के लागतात.

प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयचे नंबर मागण्यामागेही तेच आहे: कंत्राटदारानं कामगारांचा भरणा थकवला तर तो मूळ मालकाच्या गळ्यात पडतो. माझा माल माझ्याच शेडमध्ये बनतो, त्यामुळे हे कंपनीला सहसा लागू पडत नाही. पण फॉर्म सगळ्यांना एकच असतो. इथे रकाना कोरा ठेवला की अर्ज परत येतो. माझ्याकडे बारा कामगार आहेत. मी लिहितो: ईएसआय नंबर जोडला आहे, पीएफ लागू नाही, कामगार वीसपेक्षा कमी.

या ढिगात एकच कागद उलट्या दिशेचा आहे, उद्यम नोंदणीचा. लहान पुरवठादाराचे पैसे अडकू नयेत म्हणून १९९३ मध्ये उशिराच्या देण्यावर व्याजाचा कायदा झाला. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं तो पोटात घेतला: लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे व्याज मागायला जातो कोण? मागितलं की पुढची ऑर्डर जायची भीती. कागदाला खरं वजन आलं आयकरातल्या बदलानं, २०२४-२५ या आकारणी वर्षापासून. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीबाहेर गेले, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच दाखवता येतो. आता कंपन्याच विचारतात, ‘तुमचं उद्यम आहे का? कोणत्या वर्गात?’ फक्त खरेदी-विक्री करणाऱ्याकडे उद्यम असलं तरी ही पंचेचाळीस दिवसांची हमी त्याला मिळत नाही. म्हणून ‘सूक्ष्म, उत्पादक’ हे दोन शब्द मी ईमेलमध्येच लिहितो; दाखला उघडून बघायची वाट पाहत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. पॅनवर माझं नाव आहे. जीएसटीच्या दाखल्यावर कायदेशीर नाव माझं आणि व्यापारी नाव वर्कशॉपचं. रद्द केलेल्या चेकवर फक्त वर्कशॉपचं. तिन्ही कागद खरे, पण टेबलावर बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. पहिल्यांदा माझा अर्ज यापायी पाच आठवडे पडून राहिला आणि कोणी कारणही कळवलं नाही. आता विषयाच्या ओळीत व्यापारी नाव, बनवतो त्या मालाचं नाव आणि GSTIN असतो, आणि मजकुराचं पहिलं वाक्य असं असतं: ‘ही माझ्या मालकीची प्रोप्रायटरी फर्म आहे, जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं हेच माझं पॅन आहे, आणि बँक खातं याच फर्मच्या नावानं आहे.’ सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅन. वाचणारा तिथल्या तिथे पडताळून बघू शकतो.

फाइलींना नावंही तशीच देतो: `01_PAN.pdf`, `02_GST_REG06.pdf`, `03_GST_Returns.pdf`, आणि मजकुरात याच क्रमानं प्रत्येकीचा नंबर आणि मुदत. आयएसओ ९००१ च्या दाखल्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपायला दोन महिने उरले असतील, तर नूतनीकरणाचं ऑडिट कधी आहे तेही लिहितो.

गेल्या महिन्यातल्या अर्जाला अकराव्या दिवशी वेंडर कोड आला. त्यानंतर आठवड्याभरानं परचेसच्या इंजिनिअरचा फोन आला. त्यानं `09_Machine_List.pdf` उघडली होती आणि त्याला विचारायचं होतं, सहाशे मिलिमीटरचा शाफ्ट तुमच्या लेथवर बसेल का.