अपंगत्व लाभाची फेरतपासणी
भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसखाली बोटे सापडलेल्या विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून कायम अपंगत्व लाभ मिळतो. कमाईची क्षमता किती घटली, हे वैद्यकीय मंडळ टक्क्यांत ठरवते. जखम पुरती स्थिरावली नसेल, तर निर्णय तात्पुरता असतो आणि मंडळ कामगाराला पुन्हा तपासते. रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये धरल्यास पूर्ण दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ४५० रुपये. २० टक्के अपंगत्वाला रोज ९० रुपये मिळतात. बोटे वळू लागून अंतिम आकडा १० टक्क्यांवर आला, तर ४५. संजय गांधी निराधार योजनेत अशी उतरण नाही, कडाच आहे: किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असल्याने नव्या प्रमाणपत्रावर ३८ आले, की त्या निकषावरची पात्रताच संपते.