स्वप्नफलांच्या याद्या आणि देहूचे स्वप्न

१/ लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला पोहोचते. सतराव्या शतकात या नदीकाठी एका वाण्याला स्वप्न पडले आणि मराठी कवितेचा प्रवाह बदलला. त्याच काळात स्वप्नांची शुभाशुभ फले सांगणाऱ्या संस्कृत याद्याही प्रचलित होत्या. त्या याद्यांच्या कसोटीवर तुकोबांचे स्वप्न कोठे बसते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आजचा धागा त्याविषयी आहे.

२/ प्रथम याद्यांचे स्वरूप पाहू. ‘स्वप्नशास्त्र’ नावाचा एकच ग्रंथ नाही. अथर्ववेदाच्या परिशिष्टांत स्वप्नाध्याय आहे; मत्स्य, अग्नी आणि ब्रह्मवैवर्त पुराणांत स्वप्नांची प्रकरणे आहेत; बाराव्या शतकातील जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणी’ तर संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. आज बाजारात मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिका या परंपरेच्याच दूरच्या वारसदार होत.

३/ या याद्या वरवर पाहता विस्कळीत वाटतात, परंतु त्यांत एक व्याकरण आहे. पर्वत, प्रासाद, हत्ती किंवा वृषभ यांवर आरोहण करणे शुभ, उंचावरून पडणे अशुभ. पांढरे शुभ, काळे अशुभ. पण पांढऱ्यातून कापूस, भस्म, अस्थी आणि ताक वगळलेले आहेत, तर काळ्यातून गाय, हत्ती यांसारख्या पूज्य गोष्टींना सूट आहे. भस्म आणि अस्थी स्मशानाची आठवण देतात. ताकातून लोणी निघून गेलेले असते. अपवादांमागचा विचार असा काहीसा असावा. मुंडन, तैलाभ्यंग, गाढवाचे वाहन आणि दक्षिण दिशा ही सारी यमाकडे नेणारी चिन्हे. वाल्मीकिरामायणात त्रिजटेला दिसलेला रावण नेमका असाच आहे: मुंडित, तेलाने माखलेला, तांबडी वस्त्रे ल्यालेला आणि गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे निघालेला. श्रोत्यांना ही चिन्हे ठाऊक होती, म्हणूनच कवीला पुढचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

४/ काही ठिकाणी मात्र हे व्याकरण उलटते. स्वप्नात रडणे, रक्ताने न्हाणे, स्वतःचे मरण पाहणे हे शुभ. नाचगाणे आणि विवाह हे अशुभ. ‘स्वप्नात मरण दिसले की आयुष्य वाढते’ ही आपल्याकडची समजूत याच उलट्या नियमाची आहे. म्हणजे स्वप्न सुखद असो वा दुःखद, दोन्हींना दोन्ही अर्थ लावण्याची सोय यादीतच आहे.

५/ त्याहून महत्त्वाची तरतूद काळाची आहे. अग्निपुराणानुसार रात्रीच्या पहिल्या प्रहरातील स्वप्नाचे फळ वर्षभरात मिळते, दुसऱ्या प्रहरातील सहा महिन्यांत, तिसऱ्यातील तीन महिन्यांत, चौथ्यातील पंधरा दिवसांत आणि अरुणोदयाच्या स्वप्नाचे दहा दिवसांत. पहाटेचे स्वप्न खरे ठरते, असे आपण म्हणतो त्याचे मूळ येथे सापडते. शिवाय एकाच रात्री शुभ आणि अशुभ अशी दोन्ही स्वप्ने पडली, तर नंतरचे ग्राह्य धरावे. शुभ स्वप्नानंतर झोपू नये. अशुभ स्वप्नानंतर पुन्हा झोपावे, स्नान, तिलहोम, देवपूजा आणि स्तोत्रपठण करावे.

६/ आता अभ्यासकाच्या नजरेने पाहा. एखाद्याने स्वप्नात स्वतःला तेल माखलेले पाहिले. वर्षभरात घरात आजारपण आले, तर यादी खरी ठरली. काहीच घडले नाही, तर तिलहोमाने अरिष्ट टळले, किंवा नंतर पडलेल्या विस्मृत शुभ स्वप्नाने ते पुसले. वर्षभरात ज्या कुटुंबावर कोणतेच संकट येत नाही असे कुटुंब विरळाच. म्हणून यादी खोटी ठरण्याचा मार्गच उरत नाही. जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, ते घटनेविषयी काही सांगतही नाही.

७/ ही शंका आधुनिकांनीच प्रथम काढली असे मात्र समजू नये. मावळात कार्ले, भाजे आणि बेडसे येथे ज्या धर्माची लेणी कोरली गेली, त्याच्या परंपरेतील ब्रह्मजाल सुत्तात स्वप्नफल सांगून पोट भरणे ही श्रमणाला न शोभणारी हीन विद्या मानली आहे. मायादेवीच्या स्वप्नातील श्वेत हत्तीची कथा ज्या परंपरेने जपली, तिनेच स्वप्नफलाचा धंदा आपल्या भिक्षूंना वर्ज्य केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

८/ वैद्यकाने तर आणखी काटेकोर गाळणी लावली. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे रोग्याच्या मरणचिन्हांचा विचार करणाऱ्या भागात, स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेल्या गोष्टीचे ते दृष्ट, ऐकलेल्याचे श्रुत, भोगलेल्याचे अनुभूत, मनाने मागितलेल्याचे प्रार्थित, कल्पनेने रचलेल्याचे कल्पित, भविष्य सुचविणारे भाविक आणि वातपित्तकफांच्या बिघाडातून येणारे दोषज. यांपैकी पहिली पाच निष्फळ, असा चरकाचा स्पष्ट निर्णय आहे. दिवसा पडलेले, फार त्रोटक किंवा फार लांबलेले स्वप्नही निष्फळच. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण या पाच प्रकारांचे सार एका ओळीत सांगते. चरकाने ‘भाविक’ हा प्रकार ठेवला हे खरे. पण तेथे पोहोचण्यापूर्वी बहुतेक स्वप्ने गळून पडतात.

९/ ही गाळणी घेऊन देहूला जाऊ. तुकोबांनी आपल्या अभंगांत गुरूपदेशाचे स्वप्न स्वतः सांगितले आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकी हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले. पण ते द्यायचे स्वप्नातच विसरून गेले, आणि गुरू त्वरेने निघून गेले. राघव चैतन्य व केशव चैतन्य ही परंपरा, बाबाजी हे स्वतःचे नाव आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र तेवढा देऊन गेले. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तिथी आणि वार यांच्या या जोडीवरून वर्ष ठरविण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला. परंतु एक तिथी सरासरीने दर सात वर्षांतून एकदा त्याच वारी येते, त्यामुळे एकमत झालेले नाही.

१०/ या कथनात हत्ती नाही, प्रासाद नाही, श्वेत पुष्पे नाहीत. आहे ते पावशेर तूप आणि विसरल्याची रुखरुख. स्वतःचा अधिकार मिरविण्यासाठी स्वप्न रचणारा माणूस अशी उणीव त्यात सहसा ठेवीत नाही. हा काही पुरावा नव्हे, परंतु कथनाच्या प्रामाणिकपणाकडे झुकणारी खूण नक्कीच आहे. पुढे दुसरे स्वप्न पडले: नामदेव पांडुरंगासह आले आणि आपल्या अपुऱ्या राहिलेल्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातील उरलेले काम त्यांनी तुकोबांवर सोपविले.

११/ तिसरे स्वप्न कोल्हापूरचे. संत बहिणाबाई या ब्राह्मण घरच्या, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांच्या. तुकोबांचे अभंग त्यांनी कीर्तनात ऐकले आणि त्यांच्या भेटीचा ध्यास घेतला. इसवी सन १६४७च्या सुमारास तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी उपदेश केला. शूद्र मानलेल्या पुरुषाला गुरू केले म्हणून पतीचा रोष ओढवला. तो छळ बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवला आहे.

१२/ आता चरकाची गाळणी लावा. तुकोबांना गुरूची तळमळ होती, म्हणून त्यांचे स्वप्न प्रार्थित. नामदेवांचे अभंग त्यांच्या कानी-मुखी होते, म्हणून दुसरे स्वप्न श्रुत. बहिणाबाईंचे श्रुतही आणि प्रार्थितही. तिन्ही स्वप्ने शास्त्राच्या निकषाने निष्फळ! तरीही त्यांच्यामागून गाथा आली आणि एका स्त्रीचे मराठीतील आत्मचरित्र आले.

१३/ हा विरोध सुटतो कसा? याद्या स्वप्नाला निकालपत्र मानतात: धन मिळेल, रोग येईल, मरण टळेल. वारकरी संतांनी स्वप्नाला आज्ञा मानले. आज्ञा भविष्य सांगत नाही. ती काम सांगते. ज्या समाजात शूद्राने शास्त्रार्थ बोलू नये आणि स्त्रीने स्वतः गुरू निवडू नये, तेथे अनुमती मागण्याची जागाच नव्हती. जी गोष्ट जागेपणी कोणी देणार नव्हते, ती झोपेत मिळाली. मनात आधीपासून असलेलेच तेथे बोलले, हे चरकाचे म्हणणे अबाधित राहते. परंतु मनात काय होते, हे त्यामुळे कळले.

१४/ आणि स्वप्नाने दिलेला अधिकार जगाने आपोआप मान्य केला नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, धरणे धरून बसावे लागले. आज आपण गाथा वाचतो ती स्वप्नात आज्ञा झाली म्हणून नव्हे. अभंग स्वतःच्या बळावर उभे आहेत म्हणून. स्वप्नाने काम सुरू झाले, त्याचे मोल कामानेच ठरविले.

१५/ विचारी माणसाने स्वप्नाला किती वजन द्यावे, याचे उत्तर येथून निघते. भविष्याची सूचना म्हणून वजन शून्याच्या जवळ. यादीतील चिन्हे पुराणे आणि काव्य वाचण्याची किल्ली म्हणून अवश्य शिकावीत. मनाचा कौल म्हणून मात्र ऐकून घ्यावे, आणि एक प्रश्न विचारावा: हे स्वप्न जे मागते त्याचा भार कोणावर पडतो? तुकोबांच्या आणि बहिणाबाईंच्या स्वप्नांचा भार ज्यांनी ती पाहिली त्यांनीच उचलला. एखाद्याच्या स्वप्नावरून घरच्या सुनेला अवदसा ठरविले जात असेल, किंवा शांतीच्या नावाने घाबरलेल्या माणसाकडून पैसे उकळले जात असतील, तर त्या स्वप्नाला काडीचेही वजन देऊ नये. आणि तीच भयस्वप्ने वारंवार पडून झोप उडत असेल, तर चरकाचा ‘दोषज’ हा शब्द आठवावा: शरीर किंवा मन बिघडले आहे, यादी चाळण्यापेक्षा वैद्याकडे जावे.

१६/ देहूच्या स्वप्नात तूप द्यायचे राहून गेले होते. यादी उघडून त्याचे फळ शोधण्यापेक्षा तुकोबांना मिळालेला मंत्र जपणे महत्त्वाचे वाटले. स्वप्नाचा अर्थ लावण्याची ही रीत याद्यांइतकी जुनी नसेल, पण अधिक शहाणपणाची आहे.