विश्लेषण : नेम बरोबर, तरी गोळी का चुकते? शूटर गेममधील स्प्रेड, ब्लूम आणि रिकॉइलमधला फरक

अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडमध्ये बसून ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्यांची एक सोय आहे. या गेमचा सर्व्हर मुंबईतच असल्याने घरचं नेट ठीक असेल तर पिंग सहसा कमी राहतो. तरीही कधी कधी क्रॉसहेअर समोरच्याच्या डोक्यावर असताना, स्थिर उभं राहून झाडलेली पहिलीच गोळी बाजूने निघून जाते आणि राउंड हातचा जातो. मग अनेक जण रिकॉइलला दोष देऊन माउसची सेन्सिटिव्हिटी बदलत बसतात. पण पहिली गोळी सुटते तेव्हा रिकॉइल सुरूच झालेला नसतो. मग चुकतं काय?

रिकॉइल म्हणजे काय?

सलग गोळीबार केला की बंदूक वर आणि मग बाजूला सरकते. हा रिकॉइल. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये प्रत्येक बंदुकीच्या रिकॉइलचा आकार ठरलेला असतो. त्यामुळे तो पाठ करता येतो आणि माउस उलट दिशेने ओढून सावरता येतो. ‘बीजीएमआय’ खेळणारे हेच काम अंगठ्याने किंवा फोनच्या जायरोस्कोपने करतात. थोडक्यात, रिकॉइल सरावाने आटोक्यात येतो.

स्प्रेड म्हणजे काय?

बंदुकीच्या टोकापासून पुढे रुंद होत जाणारा एक अदृश्य शंकू डोळ्यांसमोर आणा. गोळी क्रॉसहेअरच्या बरोबर मध्यावर न जाता या शंकूत कुठेही जाऊ शकते. नेमकी कुठे, हे गेम दर वेळी नव्याने, फासा टाकल्यासारखं ठरवतो. हा स्प्रेड. फाशाची दिशा आधी कळत नाही, त्यामुळे माउस ओढून तो सावरता येत नाही.

खेळाडू स्थिर असताना, पुरेसं थांबून झाडलेल्या पहिल्या गोळीसाठी हा शंकू सर्वात अरुंद असतो. त्यालाच ‘फर्स्ट-शॉट अ‍ॅक्युरसी’ म्हणतात. पण सर्वात अरुंद म्हणजे शून्य नव्हे.

आकड्यांत पाहू

‘व्हॅलोरंट’मधल्या व्हँडल रायफलचा पहिल्या गोळीचा स्प्रेड 0.25 अंश आहे. हा कोन मधल्या रेषेपासून मोजला, तर 10 मीटरवर गोळी जास्तीत जास्त साधारण 4 सेंटीमीटर सरकेल. 30 मीटरवर हेच अंतर 13 सेंटीमीटर होतं. हिशेबापुरतं डोकं 16 सेंटीमीटर रुंद धरलं, तर मध्यापासून कडेपर्यंत 8 सेंटीमीटरच मिळतात. म्हणजे जवळून पहिली गोळी चुकण्याचं कारण स्प्रेड नाही, पण लांबून नेम अचूक असूनही ती चुकू शकते.

स्कोपमधून पाहिल्यावर व्हँडलचा स्प्रेड 0.157 अंशावर येतो. मग 30 मीटरवर गोळी जेमतेम 8 सेंटीमीटर सरकते, म्हणजे जवळपास डोक्याच्या आतच राहते. लांबच्या कोपऱ्यावर नजर ठेवताना स्कोप वापरण्याचा खरा फायदा हाच.

ब्लूम कुठून आला?

प्रत्येक गोळीबरोबर हा शंकू फुलत जातो आणि थांबलं की पुन्हा आवळतो. या फुलण्याला ब्लूम म्हणतात. 2010 मध्ये आलेल्या ‘हेलो : रीच’मध्ये ट्रिगर भराभर दाबला की क्रॉसहेअर डोळ्यांदेखत पसरायचा. घाई करून नशीब आजमावायचं की क्षणभर थांबायचं, हा निर्णय खेळाडूवर होता. खेळाडूंच्या नाराजीनंतर 2011 मध्ये काही सामन्यांसाठी ब्लूम 85 टक्क्यांवर आणला गेला.

धावताना किंवा उडी मारतानाही शंकू रुंद होतो, पण ते गोळ्यांमुळे नाही, हालचालीमुळे. ‘व्हॅलोरंट’मध्ये बरेच जण क्रॉसहेअरच्या सेटिंगमधले ‘फायरिंग एरर’ आणि ‘मूव्हमेंट एरर’ बंद ठेवतात. त्यामुळे शंकू रुंद झाला तरी पडद्यावरचा क्रॉसहेअर तेवढाच दिसतो आणि गोंधळ वाढतो.

आपलं काय चुकतंय, हे कसं ओळखायचं?

सरावाच्या मॅपमध्ये लांबच्या भिंतीवर एकाच खुणेवर नेम धरा. दोन गोळ्यांमध्ये एक-दीड सेकंद थांबत दहा गोळ्या झाडा. खुणेभोवती विखुरलेली भोकं हा स्प्रेड. आता माउस न हलवता सलग दहा गोळ्या झाडा आणि दोन-तीनदा तेच करा. दर वेळी दिसणारा सारखा आकार हा रिकॉइल, आणि त्या आकाराभोवतीचा विस्कटलेपणा म्हणजे स्प्रेड व ब्लूम.

‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये स्वतःच्या सराव सामन्यात कन्सोलवर हे टाइप केलं, तर फरक लगेच कळतो :

```
sv_cheats 1
weapon_accuracy_nospread 1
```

आता स्प्रेड बंद होतो आणि भिंतीवर निव्वळ रिकॉइलचा आकार उमटतो.

मग उपाय काय?

सलग गोळ्यांचा आकार सावरता येत नसेल तर हाताचा सराव हवा. एकेक गोळी विखुरत असेल तर सेन्सिटिव्हिटी बदलून काहीच होणार नाही. तिथे थांबून झाडणं, स्कोप वापरणं किंवा अंतर कमी करणं, एवढंच हातात असतं.