हात की सरोवर? : कझाक-किरगिझ अक्षरे आणि मराठी अनुवादक

निजामाच्या राज्यातील बीड जिल्हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ‘भीर’ या नावाने छापलेला आढळतो. त्याच जिल्ह्यातील परळीला उर्दू लिपीत आणि रोमन लिपीत ‘परली’ होण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ‘ळ’साठी त्या दोन्ही लिपींत स्वतंत्र अक्षरच नाही. या नावांपुरते नुकसान किरकोळ वाटेल. पण ज्या लिपीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मूल’ आणि ‘मूळ’ सारखेच लिहिले जातात, त्या लिपीतून कोणी मराठी कविता वाचू लागला तर तो अर्थालाच मुकेल. हा अनुभव मनाशी धरून आम्ही मध्य आशियातील दोन भाषांकडे पाहू इच्छितो. कझाक आणि किरगिझ साहित्य आपल्यापर्यंत येते ते बहुधा रशियन किंवा इंग्रजीच्या वाटेने, आणि या वाटेवर त्यांचे ‘ळ’ गळून पडतात.

या दोन्ही भाषा तुर्की कुळातल्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या अरबी लिपीत लिहिल्या जात. त्यानंतर सुमारे दहा वर्षे लॅटिन लिपी आली आणि 1940 च्या सुमारास सोव्हिएत धोरणानुसार सिरिलिक. रशियनची 33 अक्षरे जशीच्या तशी स्वीकारण्यात आली. मात्र या भाषांतील कित्येक ध्वनी रशियनमध्ये नसल्यामुळे जादा अक्षरे घडवावी लागली. किरगिझमध्ये अशी तीनच आहेत : ң, ө, ү. कझाकमध्ये या तिघांखेरीज ә, ғ, қ, ұ, һ, і अशी आणखी सहा. म्हणजे किरगिझची वर्णमाला 36 अक्षरांची, तर कझाकची 42 अक्षरांची झाली. कझाकस्तानने 2017 साली लॅटिन लिपीकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला असला, तरी अनुवादकापुढे येणारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जवळजवळ सारे वाङ्मय सिरिलिकमध्येच आहे.

या जादा अक्षरांपैकी ‘ө’ हे एकच अक्षर आपण नीट पाहू. ‘ए’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून ओठ मात्र ‘ओ’सारखे गोल केले, की हा स्वर उमटतो. किरगिझमध्ये ‘кол’ म्हणजे हात आणि ‘көл’ म्हणजे सरोवर. किरगिझस्तानातील विख्यात सरोवराचे नाव ‘Ысык-Көл’ असे आहे, आणि त्याचा अर्थ ‘ऊन सरोवर’, कारण ते हिवाळ्यातही गोठत नाही. आता कोणी ‘ө’च्या जागी साधा ‘о’ टंकित केला, तर सरोवर नाहीसे होऊन ‘ऊन हात’ उरतो. रशियनांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी ‘Иссык-Куль’ असे लिहिले, म्हणजे ‘ө’ला ‘उ’च्या जवळ नेले. आपल्या नकाशांतील ‘इसिक कुल’ हे या रशियन रूपाचेच अपत्य होय.

अक्षरे गळतात कशी, हेही पाहिले पाहिजे. रशियन टंकयंत्रावर ती नव्हतीच. पुढे संगणक आला, तेव्हा विंडोजच्या सिरिलिक संकेतसंचात (Windows-1251) युक्रेनियन अक्षरांसोबत ‘і’ला जागा मिळाली, पण ң, ө, ү यांना मिळाली नाही. परिणामी लोक ‘н’, ‘о’, ‘у’ यांवर भागवू लागले, किंवा स्वतःचे खास फॉन्ट बनवू लागले. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकुराची काय दशा होते, हे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांशी झुंजलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

मग समोर आलेला मजकूर शाबूत आहे की नाही, हे ओळखावे कसे? पहिली खूण अगदी सोपी आहे. पानभर किरगिझ मजकुरात एकही ‘ө’ वा ‘ү’ दिसत नसेल, तर अक्षरे बदलली गेली आहेत असे खुशाल समजावे. दुसरी खूण व्याकरणाची. या भाषांत शब्दातील स्वर जसा, तसाच प्रत्ययाचा स्वर असतो. कझाकमध्ये ‘हातात’ म्हणजे ‘қолда’ आणि ‘सरोवरात’ म्हणजे ‘көлде’. जादा अक्षरे गळली तरी ‘колда’ आणि ‘колде’ असा भेद शिल्लक राहतो, कारण प्रत्ययातील ‘а’ आणि ‘е’ ही अक्षरे रशियनमध्येही आहेत. प्रत्ययच साक्ष देतो की मूळ शब्द कोणता होता. किरगिझमध्ये मात्र प्रत्ययालाही ओठांची गोलाई लागते. तिथे ‘हातात’ म्हणजे ‘колдо’ आणि ‘सरोवरात’ म्हणजे ‘көлдө’. अक्षरे गळल्यावर दोन्ही ‘колдо’ होतात आणि साक्षीदारही नाहीसा होतो. अशा वेळी संदर्भ पाहणे किंवा चांगली छापील प्रत मिळवणे, एवढेच अनुवादकाच्या हाती राहते.

मूळ अक्षर सापडले, तरी ते देवनागरीत उतरवण्याचा प्रश्न उरतोच. ‘ң’ आपल्याला अवघड नाही, कारण तो आपला ‘ङ’ आहे. ‘चिंगीझ ऐतमातोव’ या नावातील अनुस्वार ‘ग’पूर्वी आपोआप ‘ङ’ होतो. म्हणजे किरगिझ ‘Чыңгыз’मधला जो ध्वनी रशियन ‘Чингиз’ने टाकून दिला, तो मराठीने न कळत परत मिळवला. ‘қ’साठी ‘क़’ लिहिता येईल, परंतु मराठी वाचक नुक्ता वाचत नाही, म्हणून तिथे साधा ‘क’ पत्करावा. ‘ү’साठी आपल्याकडे जुना दाखला आहे : जर्मन नावातील तसाच स्वर आपण ‘मॅक्स म्युलर’मध्ये ‘यु’ने लिहीत आलो. त्याच न्यायाने ‘ө’साठी ‘यो’ वापरून ‘क्योल’ लिहिता येते. वाचक तिथे एक नसलेला ‘य’ उच्चारील, हा या योजनेतील दोष. पण हात आणि सरोवर वेगळे राहतात, हा तिचा लाभ आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. मात्र एकदा धरलेला नियम पुस्तकभर पाळावा आणि आरंभी दोन ओळींत सांगून टाकावा.

मूळाकडे जावे, असे म्हणताना ‘मूळ’ कोणते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ऐतमातोव आरंभी किरगिझमध्ये लिहीत असे. साठच्या दशकाच्या मध्यापासून तो प्रामुख्याने रशियनमध्ये लिहू लागला. इसिक कुलच्या पाण्यावरील पांढऱ्या आगबोटीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाची त्याची कथा 1970 साली प्रसिद्ध झाली, ती रशियनमध्येच. तिथे रशियन रूप ही भ्रष्ट नक्कल नव्हे, ते लेखकाने स्वतः लिहिलेले रूप आहे. म्हणून अशा कृतीत सरोवराचे रूढ नाव राहू द्यावे, आणि त्याचा अर्थ किरगिझ शब्दांवरून टीपेत द्यावा. याउलट किरगिझमधून आलेल्या कथेत वा लोकगीतात रशियन रूप घालणे म्हणजे परळीच्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्याच तोंडी ‘परली’ घालणे होय.