कोविड लसीनंतर तरुणाच्या छातीत दुखणे किंवा धाप लागणे

लस घेतल्यावर दंड दुखणे, कणकण, अंगदुखी आणि थकवा हे त्रास नेहमीचे आहेत. ते बहुधा पहिल्या दिवशी सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. छातीत दुखणे, धाप लागणे आणि छातीत धडधडणे मात्र या नेहमीच्या त्रासांत बसत नाही. तरुण वय, धडधाकट शरीर आणि रोजचे कष्ट यांमुळे घरचे लोक ‘गॅस झाला असेल’ किंवा ‘अंग भरून आलं असेल’ असे म्हणतात. असा त्रास लसीनंतरच्या दिवसांत झाला, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

दिवस मोजा, लसीचे नाव सांगा

डॉक्टरांना सर्वात आधी दोन गोष्टी सांगा: कोणती लस घेतली आणि त्याला किती दिवस झाले. दोन्ही माहिती लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर असते. या दोन गोष्टींवरून शोधाची दिशा ठरते.

त्रास पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू झाला, तर हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे का ते पाहतात. याला मायोकार्डायटिस म्हणतात. ही सूज मुख्यतः फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लसींनंतर आढळली. दुसऱ्या डोसनंतर आणि तरुण मुलग्यांत तिचे प्रमाण अधिक होते. अमेरिकेत 2021 मध्ये 12 ते 29 वर्षांच्या पुरुषांत दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाखांमागे सुमारे 40 नोंदी झाल्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीत बहुतेकांनी कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. कोविशिल्डनंतर ही सूज फार क्वचित आढळते.

त्रास चौथ्या दिवसानंतर आणि साधारण 42 दिवसांच्या आत सुरू झाला आणि लस कोविशिल्ड असेल, तर रक्ताच्या गुठळीचा विचार आधी करावा लागतो. ही गुठळी वेगळ्या प्रकारची असते. रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे 2021 मध्ये याबद्दल सूचना दिली होती. तेव्हा देशात कोविशिल्डनंतर गुठळीच्या शक्यतेच्या 26 नोंदी होत्या, म्हणजे दर दहा लाख डोसमागे एकाहून कमी. प्रमाण अत्यल्प असले तरी वेळेत ओळखले नाही तर जीव जाऊ शकतो.

उदाहरण

हे उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे. एटापल्ली भागातला 23 वर्षांचा तरुण पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. कोविशिल्डच्या पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप येऊन गेला. नवव्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. धावण्यामुळे स्नायू आखडला असेल असे त्याला वाटले. अकराव्या दिवशी पोटरी सुजली, थोडे चालले तरी धाप लागू लागली आणि खोल श्वास घेताना छातीत टोचू लागले.

ग्रामीण रुग्णालयात नाडी मिनिटाला 124 आणि ऑक्सिजन 91 भरला. ईसीजीत ठोके जलद होते, बाकी विशेष काही नव्हते. मलेरियाची झटपट चाचणी निगेटिव्ह आली. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट 62 हजार निघाले. हे प्रमाण साधारणपणे दीड लाखाच्या वर असते.

इथे एक चूक सहज होऊ शकते. या भागात प्लेटलेट कमी दिसले की मलेरिया किंवा डेंग्यू हेच आधी मनात येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण इथे ताप नाही, मलेरियाची चाचणी निगेटिव्ह आहे, एकच पाय सुजला आहे आणि लसीला अकरा दिवस झाले आहेत. ही चारही माहिती एकत्र ठेवली की पायातली गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची शंका येते. ऑक्सिजन लावून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे डी-डायमर नावाची रक्ततपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करून निदान पक्के होते.

उपचारातही फरक आहे. फुप्फुसातल्या गुठळीवर एरवी हेपॅरिनचे इंजेक्शन देतात. या प्रकारात शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये प्लेटलेटना चिकटून गुठळ्या घडवतात, म्हणून शंका असेल तर हेपॅरिन टाळतात. त्याऐवजी रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध आणि इम्युनोग्लोब्युलिन देतात. म्हणूनच ‘लस कधी घेतली’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा.

हृदयाच्या स्नायूची सूज कशी ओळखतात?

छातीच्या मधोमध किंवा डावीकडे दुखते, धडधडते, थोड्या श्रमाने दम लागतो. काहींना उताणे झोपल्यावर दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते. तेव्हा हृदयाच्या आवरणालाही सूज असू शकते.

तपासणीत ईसीजी आणि ट्रोपोनिन नावाची रक्तचाचणी महत्त्वाची आहे. पहिला ईसीजी ठीक आला म्हणून घरी जाऊ नका. काही तासांनी ईसीजी आणि ट्रोपोनिन पुन्हा करावे लागते. त्यानंतर गरजेप्रमाणे इको करतात.

लसीनंतरची सूज बहुतेकांमध्ये विश्रांती आणि औषधांनी बरी होते. मात्र सूज असताना जोर लावला, तर ठोके बिघडून अचानक धोका होऊ शकतो. म्हणून भरतीची धाव, व्यायाम, रोवणी, तेंदूपत्त्याचे गाठोडे वाहणे ही कामे साधारण 3 ते 6 महिने बंद ठेवावी लागतात. पुन्हा केव्हा सुरू करायची हे डॉक्टर तपासून ठरवतात.

लसीशी संबंध नसलेली कारणे

या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाला छातीत दुखणे, ताप आणि धाप एकत्र आली, तर फुप्फुसातल्या सिकलसेलच्या गंभीर गुंतागुंतीची शंका घेऊन लगेच दाखल करतात. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोबत न्या. मलेरिया, न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती हवा साठणे, कधी खरा हृदयविकाराचा झटका हीदेखील कारणे असू शकतात. लसीकडे बोट दाखवून यांची तपासणी राहू देऊ नये.

लस घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील, तर आजच्या दुखण्याचा संबंध लसीशी लावता येत नाही. तरीही छातीत दुखत असेल तर ईसीजी काढायलाच हवा.

लगेच रुग्णालयात केव्हा?

- बसल्या जागी धाप लागते किंवा ऑक्सिजन 94 पेक्षा कमी आहे
- छातीत दुखते, चक्कर येते किंवा शुद्ध हरपते
- एक पाय सुजतो, किंवा पोटात सतत दुखते
- डोके असह्य दुखते, नजर धूसर होते
- इंजेक्शनची जागा सोडून इतरत्र लाल ठिपके किंवा काळे-निळे डाग दिसतात

108 ला फोन करा आणि रुग्णाला चालवत नेऊ नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. पावसाळ्यात दुर्गम गावातून उजेड असतानाच आणि त्रास कमी असतानाच निघालेले बरे.

पुढचा डोस घ्यावा का?

वरीलपैकी कोणताही आजार झाला असेल, तर त्याच लसीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना घटना कळवा. ते लसीनंतरच्या दुष्परिणामाचा अर्ज भरून जिल्ह्याकडे पाठवतात. ज्यांना असा त्रास झालेला नाही, त्यांनी या माहितीने घाबरण्याचे कारण नाही. हृदयाच्या स्नायूची सूज खुद्द कोविडच्या आजारातही येते, आणि एकूण पाहता लसीपेक्षा आजारातच ती अधिक आढळली आहे.