एका बोटाचे उत्तर : स्टोरीतील प्रश्नपेटी आणि स्टिकरचा मजकूर

इन्स्टाग्रामवरील ‘स्टोरी’ अवघे चोवीस तास दिसते आणि पाहणारा तिच्यावर जेमतेम काही सेकंद थांबतो. त्या सेकंदांत त्याच्याकडून उत्तर मिळवायचे, तर चित्रापेक्षा स्टिकरवरील पाच-सहा शब्दांवर अधिक भिस्त असते. ऑगस्ट 2016 मध्ये स्टोरीची सोय सुरू झाली. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये पोल स्टिकर, मे 2018 मध्ये इमोजी सरकवण्याची पट्टी आणि जुलै 2018 मध्ये प्रश्नपेटी उपलब्ध झाली. दुकानदार, शिक्षक, नाट्यसंस्था, वाचनालये असे अनेक जण आज ही साधने रोज वापरतात. तरीही प्रश्नपेटी रिकामी राहिल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पाहणाऱ्यांच्या अनास्थेत नसून प्रश्नाच्या रचनेत असतो.

उत्तराचे श्रम

प्रत्येक स्टिकर उत्तर देणाऱ्याकडून वेगवेगळे श्रम मागतो. पोलमध्ये तयार पर्यायांपैकी एकावर बोट टेकवले की काम संपते. आरंभी पोलमध्ये दोनच पर्याय देता येत, आता ते चारपर्यंत देता येतात. इमोजीची पट्टी थोडी सरकवावी लागते. प्रश्नपेटीत मात्र पेटी उघडणे, विचार करणे, टंकलेखन करणे आणि पाठवणे अशा चार पायऱ्या असतात. अनेकांना मोबाइलवर देवनागरीत लिहिणे अजूनही सवयीचे नसल्याने मराठीत ही तिसरी पायरी अधिक जड ठरते. म्हणून प्रश्नपेटीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका-दोन शब्दांत देता येईल, असा प्रश्न निवडणे हा पहिला नियम होय.

महाराष्ट्राबाहेरील एखाद्या शहरातील मराठी वाचनालयाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मासिक वाचनकट्ट्यासाठी पुस्तक निवडायचे आहे. वाचनालयाने स्टोरीवर प्रश्नपेटी ठेवली आणि वर लिहिले, ‘वाचनकट्ट्याबद्दल आपले मत कळवा.’ चारशे जणांनी स्टोरी पाहिली, उत्तरे आली तीन. त्यांपैकी दोन निव्वळ हात जोडल्याच्या खुणा होत्या. मत कशाबद्दल द्यायचे, किती लिहायचे आणि त्या मताचे पुढे काय होणार, यांपैकी काहीच या वाक्यातून कळत नव्हते.

दुसऱ्या प्रयत्नात कामाचे तीन भाग केले. सोमवारी पोल ठेवला : ‘या महिन्यात काय वाचू या?’ पर्याय दिले ‘कथा’, ‘आत्मचरित्र’ आणि ‘प्रवासवर्णन’. मंगळवारी आत्मचरित्राला अधिक मते मिळाल्याचे जाहीर केले आणि त्याच स्टोरीत प्रश्नपेटी ठेवली : ‘एका आत्मचरित्राचे नाव सुचवा.’ पेटीत आपोआप येणारा इंग्रजी मजकूर बदलून हा मराठी प्रश्न लिहिला. बुधवारी आलेल्या सूचनांपैकी चार पुस्तकांचा पुन्हा पोल घेतला. सोमवारी बोट टेकवणाऱ्याला मंगळवारी पुढचा प्रश्न ओळखीचा वाटतो, कारण आपल्या पहिल्या उत्तराचे काय झाले हे त्याला दिसलेले असते.

या प्रयत्नाचे मोजमाप साधे आहे. स्टोरी चारशे जणांनी पाहिली आणि 72 जणांनी पोलमध्ये मत दिले, तर प्रमाण 18 टक्के. प्रश्नपेटीत बारा उत्तरे आली, तर तीन टक्के. पोलच्या तुलनेत प्रश्नपेटीचा आकडा लहान असणारच. त्यामुळे पोलची तुलना मागच्या पोलशी आणि पेटीची मागच्या पेटीशी करावी. पाहणारे तेवढेच राहून उत्तरे घटली, तर मजकूर तपासावा. पाहणारेच घटले असतील, तर कारण अन्यत्र शोधावे.

मराठी मजकुराचे खाचखळगे

नकारार्थी प्रश्न हा नेहमीचा सापळा आहे. ‘मागचे पुस्तक आवडले नाही का?’ असे विचारून ‘हो’ आणि ‘नाही’ असे पर्याय दिले, तर ‘हो’ म्हणजे ‘हो, आवडले’ की ‘हो, आवडले नाही’ हे ठरवता येत नाही. ‘मागचे पुस्तक कसे वाटले?’ असे विचारून ‘आवडले’ आणि ‘नाही आवडले’ हे पर्याय द्यावेत. पर्यायातच पूर्ण अर्थ असला की गोंधळ उरत नाही.

दुसरी अडचण लिंगभेदाची. ‘मी येतो’ हा पर्याय स्त्रियांना परका वाटतो आणि ‘येतो/येते’ असे लिहिल्यास बटणावर गर्दी होते. ‘येणार’ आणि ‘जमणार नाही’ हे शब्द सर्वांना चालतात. संबोधनातही एकवाक्यता हवी. सोमवारी ‘तुम्ही’, मंगळवारी ‘तू’ आणि बुधवारी ‘आपण’ असे झाले, की लिहिणारा हात बदलल्यासारखे वाटते.

पर्याय एकमेकांवर चढू नयेत, हेही पाहावे. ‘सकाळी’, ‘सुटीच्या दिवशी’ आणि ‘संध्याकाळी’ या पर्यायांत रविवारी सकाळी येणाऱ्याने काय निवडावे? वार आणि वेळ यांसाठी स्वतंत्र पोल घेणे योग्य. दिलेल्या पर्यायांपैकी एकही नको असलेल्यासाठी ‘यांपैकी नाही’ ही वाट ठेवली, तर चुकीचे मत नोंदवले जात नाही.

मजकूर उत्तम असूनही जागा चुकली तर स्टिकर वाया जातो. पडद्याच्या वरच्या भागात खात्याचे नाव आणि खालच्या भागात संदेश लिहिण्याची पट्टी असते. उजव्या कडेला बोट लागले की पुढची स्टोरी येते, डाव्या कडेला लागले की मागची. 1080 गुणिले 1920 पिक्सेलच्या चौकटीत वरचे सुमारे 250 आणि खालचे सुमारे 340 पिक्सेल मोकळे सोडून स्टिकर मध्यभागी ठेवावा.

उत्तर कोणाला दिसते?

प्रश्नपेटीतील उत्तर निनावी असते, हा गैरसमज ही सोय सुरू झाल्यापासून आहे. प्रत्यक्षात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरासोबत खात्याचे नावही दिसते. त्याने ते उत्तर स्टोरीवर मांडले, तर इतरांना नाव दिसत नाही एवढेच. पोलमध्येही तसेच आहे : मत देणाऱ्याला पर्यायांचे प्रमाण दिसते, पण कोणी कोणता पर्याय निवडला हे विचारणाऱ्याला समजते. त्यामुळे आरोग्य, वेतन किंवा घरातील कलह यांविषयी प्रश्न विचारताना ‘तुमचे नाव आम्हाला दिसेल’ असे स्टोरीवरच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. एखाद्या उत्तरातील तपशिलावरून माणूस ओळखू येत असेल, तर ते मांडण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी.

उत्तर देणाऱ्यानेही सावध असावे. ‘पहिल्या शाळेचे नाव काय?’, ‘आईचे माहेरचे आडनाव सांगा’ असे खेळकर प्रश्न बँक किंवा ई-मेल खात्याच्या सुरक्षा प्रश्नांशी मिळतेजुळते असतात. अशी उत्तरे पेटीत टाकू नयेत आणि विचारणाऱ्यांनीही असे प्रश्न टाळावेत.

या साधनांची मर्यादाही ओळखायला हवी. मत देतात ते खाते पाहणारे, त्या दिवशी स्टोरी उघडणारे आणि बोट टेकवावेसे वाटणारे. वाचनालयात रोज येणारे, पण इन्स्टाग्राम न वापरणारे ज्येष्ठ सभासद त्या 72 मतांत नसतात. म्हणून स्टोरीवरील कौल पुस्तक निवडायला पुरेसा असला, तरी वाचनालयाची वेळ बदलण्यासारखा निर्णय त्यावर घेऊ नये. त्यासाठी दाराशी वही ठेवून सर्वांना विचारावे लागेल.